हेडसरांचा अंगठा

अहो, ऐकलंत का? हेडसरांनी स्वतःच्याच निरोपाला अंगठा दिला! अहो सही नाही, तो व्हॉट्सअॅपवरचा अंगठा. शाळेच्या ग्रुपवर क्लार्क भाऊंनी मेसेज टाकला, "शनिवारी संध्याकाळी नेहमीच्या ठिकाणी सरप्राइज कार्यक्रम, वर्गणी यथाशक्ती, कळवावे." आणि ग्रुपचे अॅडमिन कोण? हेडसरच! भाऊंचं तोंड असं उतरलं म्हणता...

सर 30 जूनला सुटतात, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. जन्म 1 जुलैचा. त्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म 1 जून नाहीतर 1 जुलैचाच, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिला तो. अन् एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. म्हणून तर जूनअखेरीस शाल विकणाऱ्याची चंगळ! त्यात आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. पोरं वर्गात बसतात न बसतात तोच सर चालले. आणि पेरण्या ऐन भरात, ज्याची शेती त्याचा पाय बांधावर.

तर काय सांगत होते... हो, अंगठे. एकोणीस अंगठे आले. भाऊ खूश! गणिताच्या मॅडमनी विचारलं, "भाऊ, हे 'येतो'चे का 'वाचलं'चे?" भाऊ गप्प. आचारी म्हणतो, ताटं किती ते सांगा, मी अंगठे मोजून आलूवांगं टाकत नाही.

आणि ते 'नेहमीचं ठिकाण'! विज्ञानाचे सर नवे, बदलून आलेले. त्यांना कुणीतरी म्हणालं, केळापूरला. आता बघा, कागदावर आपला तालुका केळापूर, पण कचेरी सगळी पांढरकवड्याला. ते बिचारे पांढरकवड्यात हॉल शोधत होते म्हणे, तेही आठवडाभर आधीच, जागा बघून ठेवावी म्हणून. शनिवार कुठला, तेच मेसेजात नव्हतं ना!

पण खरी गंमत पैशाची झाली. 'यथाशक्ती' म्हटलं, तर एका सरांनी हजार टाकले अन् भाऊंनी यादी ग्रुपवर लावली, नाव अन् रक्कम. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी पन्नास दिले होते. त्या दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत हो. मला तर भाऊंचा रागच आला. त्यात फोनवरून आलेले दोनशे कुणाच्या तरी नवऱ्याच्या नावाने, तो नवरा कोणाचा, तेच कळेना!

शेवटी मॅडम बसल्या वही घेऊन. म्हणाल्या, भेट वेगळी, जेवण वेगळं. भेटीला कायम नोकरीवाल्या चोवीस जणांनी दोनशे-दोनशे, झाले 4,800. ताई अन् कंत्राटी सर यांना भेटीची वर्गणी नाही. त्या 4,800 मधूनच सरांची अन् वहिनींची दोन ताटं, दीडशेच्या हिशेबाने 300. उरलेल्या 4,500 मध्ये शाल-श्रीफळ, साडी, भिंतीवरचं घड्याळ. (ज्याची घंटा सुटली त्याला घड्याळ का देतात, देव जाणे.) बाकी ज्याच्या घरची जितकी माणसं, तितके दीडशे. यादी फक्त वहीत, ग्रुपवर नाही. जास्तीचे ज्याचे त्याला परत.

मग नवा ग्रुप केला, हेडसरांना वगळून, अन् मेसेज गेला तो मला तोंडपाठ आहे: "शनिवार, 27 जून. संध्याकाळी साडेपाचला जगदंबा देवीचं दर्शन, सहाला गणिताच्या मॅडमच्या अंगणात, केळापूर गाव, पांढरकवडा नव्हे. पाऊस आला तर त्यांच्याच पडवीत. जेवण साडेसातला. भेटीचे दोनशे अन् जेवणाचे माणशी दीडशे क्लार्क भाऊंकडे, फोनवरून पाठवल्यास स्वतःचं नाव लिहावं. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत भाऊंना एकट्यांना लिहून कळवावं, 'येतो, इतके जण' किंवा 'जमत नाही'. अंगठा चालणार नाही." बुधवारच का? तर गुरुवारी सकाळी आचाऱ्याला आकडा द्यायचा.

अन् काय सांगू, बुधवार दुपारपर्यंत बावीस जणांची उत्तरं! चार उरले, त्यांना भाऊंनी फोन केले. दोघांची पेरणी, एकाच्या घरी लग्न, एक विसरले होते. ताटं अडतीस, पक्की.

सरांना मात्र मॅडम घरी जाऊन, वहिनींना कुंकू लावून बोलावून आल्या. सर म्हणे नुसतं हसले. अन् रात्री भाऊंच्या फोनवर 300 आले, खाली लिहिलेलं, "दोन ताटं." पाहुण्याचे पैसे घ्यायचे कसे? अन् परत करायचे तर सर घेतील का? भाऊ कालपासून फोन हातात धरून बसलेत.