नावाच्या शेवटी ‘सन’

मी अनुवादक आहे हे मी पहिल्या पाच मिनिटांत सांगते, समोरच्याने विचारलं नसलं तरी. त्यामुळे भाच्याने, ओमने, झेल्डाच्या गेमचा फोटो पाठवून ‘मावशी, हा बाबा काय म्हणतोय?’ असं विचारलं, तेव्हा काम योग्य ठिकाणी आलं असंच मला वाटलं. फोटोत ट्यूबलाइट होती, ओमचा अंगठा होता, पडद्यावर उमटणाऱ्या त्या इंद्रधनुषी रेघा होत्या आणि उरलेल्या जागेत अडीच ओळी इंग्रजी.

मी तासभर खपून त्या अडीच ओळींचं असं काही मराठी केलं की परीक्षकांचे डोळे पाणावले असते. ओमचं उत्तर आलं, ‘एवढं नको. कुठे जायचं, काय आणायचं, किती आणायचं?’

नऊ वर्षांच्या संपादकाकडून इतका रोखठोक अभिप्राय मिळण्याची माझी पहिलीच वेळ. पण त्याचं बरोबर होतं. या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये माणसं चौकटीत बोलतात. एका वेळी दोन-तीन ओळी दिसतात, बटण दाबलं की त्या जातात आणि पुढच्या येतात. बटण दाबायच्या उत्साहात पोरगं फोटो काढतं तो शेवटच्या चौकटीचा, आणि शेवटच्या चौकटीत बहुधा ‘मग काय, भेटू’ एवढंच असतं. कामाची गोष्ट आधीच्या चौकटीत रंगीत अक्षरांत येऊन गेलेली असते. म्हणून मी दोन नियम घातले. एक, रंगीत शब्द दिसला की थांबायचं. दोन, संवाद निसटला तर अधिकचं बटण दाबून कामांच्या नोंदवहीचा फोटो काढायचा. प्रत्येक कामगिरीत आता पुढे काय करायचं ते तिथे लिहून ठेवलेलं असतं. ट्यूबलाइटवर उपायही यंत्रातच आहे. डाव्या हाताशी चौकोनी बटण असतं, ते दाबलं की पडद्याचा स्वच्छ फोटो साठतो, आणि यंत्र दाखवतं ते दोन क्यूआर कोड एकामागून एक स्कॅन केले की तो मोबाइलवर येतो. ओमला हे सगळं येतं. तो करत नाही. अंगठ्यासकट फोटो लवकर जातो म्हणे.

नोंदवहीत एकच उणीव आहे. तिथे काम कळतं, माणूस कळत नाही. आणि हडसन हा माणूस कळल्याशिवाय मजा नाही.

हडसन बोलसनच्या बांधकाम कंपनीत कामाला. हा बोलसन हातेनो गावातलं रिकामं घर आधी 50,000 रुपींना सांगतो आणि मग 3,000 रुपी व 30 मोळ्या लाकडावर खाली येतो. (रुपी म्हणजे रंगीत खडे, मी ‘रुपये’ लिहिलं नाही, पुण्यात हा लेख वाचून कोणाला भोवळ यायला नको.) घर झालं की हडसन अक्कला भागातल्या तळ्याच्या मधोमध नवं गाव वसवायला निघतो. बोलायला फार कंजूष. 10 मोळ्या मागतो. त्या दिल्या की म्हणतो, खडक फोडायला एक गोरॉन हवा. गोरॉन म्हणजे दगड खाणारी, दगडासारखी माणसं. पण अट अशी की त्याच्या नावाच्या शेवटी ‘सन’ हवं. कंपनीचा नियमच तो.

इथे माझ्यातली साहित्यिक जागी झाली. नावाच्या शेवटी ठरावीक अक्षरं! अहो, हे तर आपलं घरचं कार्य. मी ओमला कळवलं की यापुढे या कंपनीत फक्त ‘कर’ मंडळी असतील. बोलसनचा बोलकर झाला. हडसनचा हडकर, ग्रेसन नावाच्या गोरॉनचा करडेकर. जोशी, पवार, शिंदे यांनी अर्ज करू नयेत. कुलकर्ण्यांनी ‘कर’ मधेच कुठेतरी वाया घालवला आहे, त्यांचा विचार होणार नाही. तेंडुलकर, मंगेशकर थेट मुलाखतीला. ज्यांच्या आडनावात ‘कर’ नाही पण गाव आहे त्यांनी ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा. झोरा जमातीतला लग्न लावणारा कॅपसन, त्याला मी कापकर केलं. मग भटजीपेक्षा तो सर्जनच वाटायला लागला, पण एवढं चालतं. आणि माझा आधार भक्कम होता. मूळ जपानीत ‘सन’ नाहीच, ‘दा’ आहे. बोलसन तिथे साकुरादा, हडसन एनोकिदा, जपानी आडनावांच्या धर्तीवर. इंग्रजी अनुवादकांनी ‘दा’चा ‘सन’ केला. मग माझ्या ‘कर’नेच काय घोडं मारलं?

संपादकांनी कळवलं, ‘मावशी, मला स्क्रीनवर son शोधायचंय. कर नाही.’

याला उत्तर नव्हतं. छापील पुस्तकात मी सगळं जग बदलू शकते. इथे पडद्यावर इंग्रजी तसंच राहतं आणि पोराला माझ्या मराठीचा हात धरून त्याच इंग्रजीत फिरायचं असतं. म्हणून गावं, नावं, वस्तू यांना हात लावायचा नाही, बाकी सगळं आपलं. ग्रेसन दक्षिणेकडच्या खाणीत सापडला. मग 20 मोळ्या आणि गेरुडोची शिंपीण, राँडसन. तिच्या शहरात पुरुषांना मज्जाव, त्यामुळे खेळाच्या नायकाला, लिंकला, बाईचे कपडे घालून जावं लागतं. (आपल्याकडे यावर पन्नास वर्षं संगीत रंगभूमी चालली.) मग 30 मोळ्या आणि रिटो गावचा फायसन. मग 50, आणि कापकर. माफ करा, कॅपसन. एकूण 110 मोळ्या. ओमने झाडं तोडून तोडून बोटं दुखवून घेतली.

ताई म्हणते, कशाला सांगतेस, त्याचं इंग्रजी तरी सुधारेल. मला याचा राग येतो. खेळ ही काय शिकवणी आहे? हाच खेळ डच भाषेत आहे. तिकडचं पोरगं हडसनशी आपल्या भाषेत बोलतं आणि त्याला कोणी ‘बरंय, इंग्रजी सुधारेल’ म्हणत नाही. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख निघाले. त्यांच्यातलं एक पोर दिवेलागणीला पडद्याचा फोटो काढून मावशीच्या उत्तराची वाट बघत बसतं. उत्तर येईपर्यंत हडसन तिथेच, तोंड मिटून, उभा.

शेवटी गाव वसतं आणि हडसन-राँडसनचं लग्न लागतं. त्या दिवशी फोटो अंगठ्याशिवाय आले, एकही चौकट न गाळता, ओळीने. खाली लिहिलं होतं, ‘सगळं सांग. तो कसं बोलतो तसं.’ मी हडसनला कमी शब्दांत बोलतं केलं. अर्ध्या तासाने ओमचा व्हॉइस मेसेज आला. घोगरा आवाज काढून तो माझं वाक्य मित्राला ऐकवत होता, आणि मित्र म्हणत होता, ‘परत म्हण ना.’ आजवरच्या एकाही पुस्तकाला मला हे मिळालेलं नाही.

2023 साली या खेळाचा पुढचा भाग आला. त्यात हडसनची स्वतःची कंपनी आहे आणि त्या दोघांना मुलगी झाली आहे, मॅटिसन. नियम पाळलाय. तोही भाग मराठीत नाही.