अंड्याची ऑफर

पोटावरचा विनोद हा माझा जोडधंदा आहे. गणेशोत्सवातलं सूत्रसंचालन असो की ऑफिसातला निरोपसमारंभ, श्रोते हातातून निसटताहेत असं वाटलं की मी स्वतःच्या पोटावर हात फिरवतो आणि एक वाक्य टाकतो. हशा हमखास. त्यामुळे आमच्या कोथरूडातल्या जिमवाल्या दादांनी ‘सर, नवीन वर्षाच्या ऑफरचं पत्रक लिहून द्या, बदल्यात तुम्हाला वर्षभर जिम फुकट’ असं म्हटल्यावर मी ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणून मोकळा झालो. मग दादा म्हणाले, ‘फक्त कुणाच्या अंगावरून काही लिहायचं नाही.’

म्हणजे दुकान उघडण्याआधीच माल जप्त.

दादा मूळचे कोल्हापूरचे, तालमीत वाढलेले. इतकी नाजूक अट त्यांच्या डोक्यातून आलेली नव्हती. ती वहिनींची होती. वहिनी दुपारची लेडीज बॅच घेतात. गेल्या वर्षीच्या पत्रकावर ‘ढेरी घेऊन या, सिक्स पॅक घेऊन जा’ असं छापलं होतं आणि शेजारी ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो होते. (दोन्ही माणसं वेगळी होती, हे मला कानातल्या भिकबाळीवरून कळलं. ‘नंतर’च्या कानात ती नव्हती.) वहिनींनी ते पत्रक सोसायट्यांमधून वाटलं, तेव्हा बायकांनी एकच उत्तर दिलं, ‘आधी थोडी बारीक होते, मग येते.’ म्हणजे ज्यांना बोलवायचं, त्याच आधी घरी तयारी करून मग यायचं म्हणत होत्या. आले ते कोण? ज्यांना पत्रकाची गरजच नव्हती असे कॉलेजातले पोरगे. तेही फेब्रुवारीत गायब.

दादांवर छाप पाडायला मी थोडं वाचून गेलो होतो. २०१५ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत एका प्रोटीन पावडरच्या कंपनीने, तुमचं शरीर समुद्रकिनाऱ्यावर नेण्याजोगं झालं का, असं विचारणारी पोस्टरं लावली. लोक इतके भडकले की पुढच्या वर्षी महापौर झालेल्या सादिक खान यांनी शहराच्या वाहतूक सेवेवर असल्या जाहिराती लावायलाच बंदी केली. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘लंडन राहू द्या सर, मला जानेवारीचं भाडं भरायचंय.’

माझा पहिला मसुदा सभ्यतेचा कळस होता. ‘नववर्षाच्या उंबरठ्यावर स्वतःशी नव्याने नातं जोडू या. इथे तुलना नाही, स्पर्धा नाही, फक्त तुम्ही आणि तुमचा श्वास.’ दादांनी ते व्हॉट्सॲपवर टाकलं. दोन दिवसांत तीन फोन आले. दोघांनी विपश्यनेची पुढची तारीख विचारली. तिसऱ्या आजी होत्या, त्यांना दम्याचं औषध हवं होतं.

दुसऱ्या मसुद्यात मी चूक सुधारली आणि मायेचा पूर आणला. ‘तुम्ही आहात तसेच सुंदर आहात!’ वाचून आमच्या मजल्यावरचे निवृत्त काका मला लिफ्टमध्ये म्हणाले, ‘छान लिहिलंयस. मीही तेच म्हणत होतो, कशाला जायचं?’

शेवटी वहिनींनी निकाल दिला. ‘सर, तुम्ही जिम बघितलीय का कधी आतून? एक दिवस करून बघा, मग लिहा.’

आत शिरल्याबरोबर काउंटरशेजारी वजनकाटा. चपला काढायच्या आधीच त्यावर उभं राहायचं आणि काउंटरवरच्या मुलाने आकडा मोठ्यांदा सांगायचा, आत बसलेल्या दुसऱ्या मुलाने तो वहीत लिहायचा. वाण्याकडे पोतं उतरवताना चालतं तसं. फॉर्मवर पहिला प्रश्न ‘सध्याचं वजन’, दुसरा ‘अपेक्षित वजन’. मी दुसऱ्यात माझ्या लग्नाच्या वेळचं वजन लिहिलं. लग्नही मी फारसा विचार न करता केलं होतं.

मग मी जे करायचं नसतं ते सगळं केलं. ट्रेडमिलवर एक लाल क्लिप असते, ती शर्टाला अडकवायची म्हणजे माणूस मागे घसरला की दोरी ओढली जाऊन पट्टा थांबतो. ती मला शोभेची वाटली. शेजारच्या आजींनी ती माझ्या शर्टाला अडकवली, तीही स्वतःच्या पट्ट्यावर चालता चालता. त्यानंतर स्क्वॉट. वहिनी म्हणाल्या, ‘आज फक्त खुर्चीवर बसून उठा, दहा वेळा, दोनदा. बस.’ आजी तेच हातात डंबेल घेऊन करत होत्या. तेव्हा माझा स्वाभिमान जागा झाला आणि मी डंबेल घेऊन वहिनींची पाठ वळेपर्यंत थांबलो. नंतर किती काढले हे मोजलं नाही, कारण मी आजींकडे बघत होतो.

त्या दिवशी काहीच झालं नाही. मी घरी येऊन ‘काही विशेष नसतं’ असं बायकोला सांगितलंसुद्धा. दुसऱ्या सकाळी मांड्यांनी निरोप पाठवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या सकाळी मी कमोडच्या शोधाबद्दल पाश्चात्त्यांचे आभार मानले. जिना चढता येत होता, उतरता येत नव्हता. मी कठड्याला धरून आडवा, खेकड्यासारखा खाली येत असताना लिफ्टवाले काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, ‘म्हणूनच म्हणत होतो.’

वहिनींनी फोनवर समजावलं ते ऐकून मात्र मी कागद पुढे ओढला. नवा व्यायाम केला की दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत वर चढतं आणि मग आपोआप उतरतं. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा जास्त दुखतो, म्हणून बसण्याचा आणि जिना उतरण्याचा त्रास. पुढच्या वेळी तोच व्यायाम केला तर बरंच कमी दुखतं. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, सूज आली किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मात्र ते हे दुखणं नव्हे, सरळ डॉक्टर गाठायचा. ‘आणि लोक सोडतात ते नेमकं तिसऱ्या दिवशी, सर. त्यांना वाटतं आपलं शरीरच या कामाचं नाही. त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं.’

तिसरं पत्रक असं झालं. वरती सुविचार नाही, फोटोही नाही. ‘पहिल्या दिवशी काय होईल’ असा मथळा. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. रोजचे कपडे, स्वच्छ बूट चालतील. वजन कुणी विचारणार नाही. वीस मिनिटं, खुर्चीवर बसणं-उठणं आणि भिंतीला हात टेकून जोर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखेल, घाबरू नका, हलकं चाला आणि पुन्हा या. वजनकाटा वहिनींनी आतल्या खोलीत, दाराआड नेला. फॉर्मवर ‘अपेक्षित वजन’ खोडून ‘काय जमावंसं वाटतं?’ असं लिहिलं. उत्तरं बघण्यासारखी होती. कुणाला पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढायच्या होत्या, कुणाला नातवाला कडेवर घ्यायचं होतं, आणि एका बाईंनी ‘भरलेला सिलिंडर, स्वतः’ असं लिहिलं होतं. त्यात १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच रिकाम्या टाकीचं वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपास. हे ध्येय मोजता येतं, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवता येतं, आणि काट्यावरचा आकडा जागचा हलला नाही तरी वाढत राहतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती स्नायू फुगल्यामुळे नव्हे, मेंदू आणि मज्जातंतू त्यांना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. काट्याला यातलं काही दिसत नाही.

भांडण झालं ते पैशांवरून. दादांची ऑफर ३१ डिसेंबरपर्यंत वर्षाचे ९,६०० रुपये. मी हिशेब मांडला. महिन्याला चार वेळा येणाऱ्याला एक खेप २०० रुपयांना पडते. त्यापेक्षा दहा खेपांचं १,२०० रुपयांचं कार्ड घेतलं तर १२० ला. वर्षाला ऐंशीपेक्षा जास्त वेळा येणाऱ्यालाच वार्षिक परवडतं. अमेरिकेत डेलाविन्या आणि मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं हेच छापलं. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे सभासद सरासरी चारच्या आसपास वेळा येत आणि एका खेपेला सतराहून जास्त डॉलर मोजत, शेजारी दहा डॉलर खेपेचं कार्ड असताना. दादा म्हणाले, ‘सर, हे मला माहीत आहे. सगळ्या जिमवाल्यांना माहीत आहे. न येणाऱ्यांच्या पैशावर तर एसी चालतो.’

हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोडगा वहिनींनी काढला. जानेवारीत फक्त दहा खेपांचं कार्ड विकायचं, आणि १५ फेब्रुवारीपर्यंत वार्षिक घेतलं तर कार्डाचे पैसे त्यात वळते करायचे. येणारे टिकले तर दादांना वर्षाची रक्कम मिळेल, गळाले तर गळालेल्याच्या खिशाला १,२०० चंच भोक.

मग माझ्यातला विद्वान पुन्हा उठला. २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या साठ हजारांहून जास्त सभासदांवरचा प्रयोग आला होता. त्यांना जिमला आणण्यासाठी चोपन्न युक्त्या एकाच वेळी तपासल्या. सर्वांत वर आलेली युक्ती फार साधी होती, एक दिवस चुकवून जो परत येईल त्याला काही पैशांचं जास्तीचं बक्षीस. मी म्हटलं, आपणही देऊ. खाडा करून परत येणाऱ्याला एक उकडलेलं अंडं, नको असेल तर मूठभर भिजवलेले हरभरे. पत्रकावर शेवटची ओळ आली, ‘चुकलात तरी या.’

कोथरूडात किती घरांत अंडं शिजत नाही, याचा मी विचारच केला नव्हता. पहिल्याच आठवड्यात नियमित येणारे तीन गृहस्थ ठरवून एक दिवसाआड खाडा करू लागले. एका दिवशी व्यायाम, दुसऱ्या दिवशी खाडा, तिसऱ्या दिवशी अंडं. काउंटरमागे, भिंतीकडे तोंड करून. वहिनी उलट खूश. स्नायूंना मध्ये एखादा दिवस विश्रांती हवीच असते आणि हे गृहस्थ एरवी सोमवार ते शनिवार छातीच मारत बसायचे. दादा मात्र ट्रेचा भाव वहीत लिहून माझ्याकडे बघत होते.

फेब्रुवारीत मी गेलो, आमची योजना कशी चाललीय ते बघायला. ट्रेमध्ये शेवटचं अंडं होतं. ‘मीही खाडा करून परत आलोय,’ असं म्हणून मी ते उचललं. वहिनींनी हजेरीचं पान उलटलं, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

‘सर, खाडा धरायला जानेवारीत एकदा तरी यावं लागतं. आठ रुपये द्या.’

मी तोवर ते सोलून, मीठ लावून बसलो होतो.