‘बघा ना शेठ’ म्हणून भाडं ठरत नाही

काळाचौकीत मिरची-मसाल्याचा हंगाम मार्च ते मे. नेमकं मेअखेर ॲग्रीमेंट संपतं आणि डंखवाला शेवटच्या आठवड्यात मालकापुढे उभा राहतो: ‘शेठ, थोडं बघा ना.’ तोवर दलालाने मालकाच्या कानात वरचा आकडा घातलेला असतो. हंगामाच्या घाईत हे राहून जातं, मान्य. पण पत्र फेब्रुवारीतच जायला हवं, आणि त्यात विनवणी नको, हिशेब हवा.

समजा, लिव्ह अँड लायसन्सवरच्या गाळ्याचं भाडं 40 हजार आहे. (पागडीचा गाळा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वर्षाला 4 टक्के वाढ कायद्यानेच ठरलेली आहे.) मालक म्हणतो, पुढची तीन वर्षं 55 हजार. ‘परवडत नाही’ या उत्तराने त्याला काहीच कळत नाही. त्याला त्याचाच आकडा मांडून दाखवा. नवा भाडेकरू मिळेपर्यंत गाळा दोन महिने रिकामा राहिला तर 34 महिन्यांचे 18 लाख 70 हजार येतील. त्यातून दलालीचा एक महिना वजा केला की उरले 18 लाख 15 हजार.

आता तुमचा प्रस्ताव: पहिल्या वर्षी 47 हजार, मग 50, मग 53. बेरीज 18 लाख. तीन वर्षांत फरक फक्त 15 हजारांचा, आणि गाळा एक दिवसही बंद नाही. तुम्हालाही डंख उचलून दुसरीकडे बसवणं, तिथे थ्री-फेज वीज घेणं, गिऱ्हाईक पुन्हा जोडणं टळतं. अर्थात, गाळ्यासाठी रांग लागली असेल आणि तो आठवड्यात जात असेल, तर हा हिशेब टिकत नाही. म्हणून शेजारचे गाळे किती दिवस रिकामे होते, ते आधी विचारून घ्या.

पत्रात आणखी एक वाक्य घाला: पहिली दोन वर्षं दोघांपैकी कुणीही मोडायचं नाही. इमारत पुनर्विकासात जायची बोलणी चालू असतील तर नोटिशीची मुदतही त्यातच लिहून घ्या. आणि उत्तरासाठी तारीख द्या, 15 मार्च.

ठरलं की नोंदणी. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. डिपॉझिट दोन लाख धरलं तर वरच्या करारावर मुद्रांक 4,650 रुपये आणि नोंदणी फी 1,000. हा खर्च निम्मा निम्मा करू, असं पत्रातच लिहून टाका.