क्लिप मिळणेबाबत

निपाणीजवळच्या एका सरकारी मराठी शाळेने स्थानिक न्यूज चॅनेलला लिहिलेल्या पत्राची प्रत आमच्या हाती आली आहे. पत्र तीन पानी आहे. शाळेच्या संग्रहासाठी अर्ध्या मिनिटाची एक क्लिप हवी, एवढेच मागणे. ते तिसऱ्या पानावर, ‘तरी कृपया’च्या पुढे सापडते. आधीची दोन पाने चॅनेलची निर्भीड पत्रकारिता, सीमाभागातील मराठी शाळांचे हाल आणि १९५६ची राज्यपुनर्रचना यांना वाहिली आहेत. खाली मुख्याध्यापक आणि एसडीएमसी अध्यक्ष यांच्या सह्या, गोल शिक्का, जावक क्रमांक. बीईओ साहेबांना माहितीसाठी प्रत, ती कन्नडमध्ये. राहिली काय ती बातमीची तारीख.

क्लिप कसली, तर ‘महापुरावेळी दाखवलेली आमच्या शाळेतील पूरग्रस्तांची बातमी’. आता कोणता महापूर? ऑगस्ट २०१९मध्ये वेदगंगा यमगर्णीजवळ महामार्गावर आली आणि पुणे-बेंगळूरू वाहतूक थांबली. जुलै २०२१मध्ये ती पुन्हा तिथेच आली. नदीने जावक क्रमांक ठेवलेला नाही.

बरे, चॅनेलने तरी ठेवले असेल? उपग्रह वाहिन्यांना प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग ९० दिवस जपावे लागते. पुढे जपायचे की पुसायचे, ते त्यांच्या मर्जीवर आणि हार्डडिस्कच्या पोटावर. गावातल्या केबल चॅनेलची हार्डडिस्क तर निवडणुकीच्या जाहिरातींनीच फुगते. शाळेने पत्राचा मसुदा तीन बैठकांत मंजूर केला. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त मात्र कायमस्वरूपी जतन झाले आहे.

तरीही पुराची दृश्ये सहसा वाचतात, कारण दर पावसाळ्यात ती पुन्हा लागतात. कोपऱ्यात ‘फाइल दृश्ये’ लिहिले की झाले. मात्र इतकी वर्षे वापरून कुठले पाणी कुठल्या सालचे, हे संपादकालाही सांगता येत नाही. म्हणून क्लिप आली की तोंडे बघावीत. हनुवटीवर मास्क लोंबत असतील तर ती २०२१ची. २०१९ला मास्क फक्त दवाखान्यात असत. मास्क दिसले नाहीत म्हणून लगेच २०१९ धरू नये, कारण २०२१लाही आपल्याकडे ते बऱ्याचदा खिशातच असत. मग पडद्याखालची धावती पट्टी वाचावी. तिच्यातली धरणाची पातळी आणि बंद रस्त्यांची नावे दोन्ही सालच्या वर्तमानपत्रांशी जुळवली की साल सापडते.

नेमकी हीच पट्टी नको, असे पत्रात बजावले आहे. ‘लोगो व पट्टी काढून स्वच्छ क्लिप द्यावी.’ पट्टी काढली की उरते नुसते पाणी, आणि ते कोणत्याही गावचे असू शकते. बातमी कोणी दाखवली आणि कधी, याचा पुरावा लोगो आणि पट्टीतच असतो. संग्रहाला पुरावा हवा, लग्नाची सीडी नव्हे.

पुढची विनंती, ‘क्लिप अध्यक्षांच्या व्हॉट्सॲपवर टाकावी.’ व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते आणि पहिला बळी पट्टीवरच्या बारीक अक्षरांचा जातो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी.

शेवटी, क्लिप ‘शैक्षणिक कार्य, स्नेहसंमेलन, यूट्यूब व इतर’साठी हवी आहे. कॉपीराइट कायद्याच्या ३९व्या कलमात खऱ्याखुऱ्या अध्यापनासाठी प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग करायला मोकळीक आहे. यूट्यूब ही वेगळी गोष्ट, आणि ‘व इतर’ वाचल्यावर तर मालक वकिलाला फोन लावतो.

आम्ही शाळेकडून पुराचे साल विचारून घेतले आणि नवा मसुदा करून दिला:

‘ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या शाळेतील काळजी केंद्रावर आपण सायंकाळच्या बातम्यांत दाखवलेली बातमी, सुमारे अर्धा मिनिट, हवी आहे. त्या आठवड्यातील फाइल Yamgarni, Yamagarni, Nipani, Nippani अशा सर्व स्पेलिंगने शोधावी. लोगो व पट्टीसह मूळ फाइल द्यावी; पेनड्राइव्ह सोबत आहे. उपयोग फक्त वर्गात व शाळेच्या संग्रहात. आपले नाव व प्रक्षेपणाची तारीख नोंदवू. फाइल नसल्यास तसे लेखी कळवावे.’

समितीने मसुदा वाचला. ‘गुरुजी, यात काही वजनच नाही,’ अध्यक्ष म्हणाले. चर्चेअंती ठराव झाला, की मूळ तीन पानी पत्रच पाठवावे आणि हा मजकूर ‘परिशिष्ट अ’ म्हणून मागे जोडावा.

चॅनेलने तत्परता दाखवली. पत्राची पहिली दोन पाने रात्रीच्या बातम्यांत वाचून दाखवली: ‘आपल्या चॅनेलच्या निर्भीड पत्रकारितेचा सीमाभागातून गौरव.’ मागे दृश्ये पुराची होती, पट्टीशिवाय.

आता शाळेला या बातमीचीही क्लिप हवी आहे. मसुद्यासाठी बैठक सोमवारी बोलावली असून ९० दिवसांची मोजणी सुरू झाली आहे.