'तुम्हालाही', व्हाया सौंसर

नागपूर स्टेशनच्या भोंग्यातून बाईंचा आवाज आला, "आपकी यात्रा मंगलमय हो," आणि मी मान किंचित झुकवून म्हणालो, "आपकी भी."

शेजारच्या हमालानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग भोंग्याकडे. बायकोनं मात्र कुठेच पाहिलं नाही. चौदा वर्षांच्या संसारात अशा वेळी कुठे पाहायचं नसतं, हे तिला नेमकं कळलेलं आहे. माझ्या वाढदिवसाला लोकांनी दिलेल्या शुभेच्छांना मी "तुम्हालाही" म्हणतो. दात काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "दुखलं तर फोन करा." तोंडात कापूस असूनही मी स्पष्ट उत्तर दिलं होतं, "तुम्हीपण."

आम्ही पोळ्यासाठी पांढुर्ण्याला निघालो होतो, तिच्या मामांकडे. पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातले तालुके, पण घरातली भाषा मराठी. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि हा पट्टा छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा झाला. म्हणजे इथला माणूस कचेरीत "आपको भी" म्हणतो आणि घरी "तुमालेबी". माझ्यासारख्या माणसाला एकाच जिल्ह्यात दोन भाषांमधून चुकायची सोय.

मामा शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेले. फळ्यावर हिंदी, घरात मराठी आणि दोन्हीकडे व्याकरण कडक. स्टेशनवर घ्यायला आले तेव्हाच भाचीनं भोंग्याची कथा सांगून टाकली. मला वाटलं हसतील. ते गंभीरपणे म्हणाले, "पण विभक्ती बरोबर लावली जवाईबुवानं. 'यात्रा' आहे, म्हणून 'आपकी भी'. 'आपको भी' म्हटलं असतं तर मी घरी नेलं नसतं."

संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मामांनी बैलाच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." बायकोनं माझा दंड दाबून धरला होता, बैलाच्या वतीनं मी काही बोलून बसेन म्हणून. बैल नुसता कान हलवून उभा राहिला. मला त्याचा हेवा वाटला. आमंत्रण मिळालं की घ्यायचं, उलट आमंत्रण द्यायचं नाही. या प्राण्याला कधी खाली मान घालावी लागत नाही ती याचसाठी, असं मी म्हणणार होतो, पण त्याच्या मानेवर जू असतं हे वेळेवर आठवलं.

दुसऱ्या दिवशी आधी बैल जेवले, मग जावई. केळीच्या पानावर पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार. मामी वाढून बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

मी म्हणालो, "तुमचंही."

पोळ्याच्या अमावास्येला पिठोरी असते आणि मामींचा दिवसभर कडक उपास होता. "माहा त उपास आहे जी," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की त्यांनाच चूक केल्यासारखं वाटत होतं.

दुपारी माजघरात या गुन्ह्याची चौकशी बसली. मामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्ही ऐकून बोलता, का बोलून ऐकता?"

प्रश्न वाटला तितका खोचक नव्हता. बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये पाळी बदलताना किती वेळ जातो, हे दहा भाषांतले संवाद घेऊन मोजलेलं आहे. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. भाषेगणिक थोडा फरक पडतो, पण सर्वसाधारण अंतर निघालं सुमारे ०.२ सेकंद. आता गंमत अशी, की डोक्यातला एखादा साधा शब्द शोधून जिभेवर आणायला जवळजवळ ०.६ सेकंद लागतात. दोन आकडे शेजारी ठेवले की हिशेब स्पष्ट होतो. समोरच्याचं वाक्य संपल्यावर उत्तर शोधायला बसलो तर उशीर होतो. म्हणून प्रत्येक जण समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच आपलं उत्तर तयार ठेवतो. मामींच्या "सावकाश..." या शब्दाला माझ्या डोक्यानं "शुभेच्छा आली" एवढीच नोंद केली आणि तयार ठेवलेला डबा काढून दिला. कोण उपाशी आहे, ही चौकशी डबा निघून गेल्यावर झाली.

"म्हंजे आपण सगळेच बोलून ऐकतो," मामा म्हणाले. "बाकीच्यांचं जमून जाते, तुमचं उघडं पडते."

मग त्यांनी जे केलं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. माझ्या चुकांचं त्यांनी शवविच्छेदन केलं. इंग्रजाचं बरं आहे, म्हणाले, 'यू टू' कुठेही चिकटतं. मराठीत उत्तराला विभक्ती लावावी लागते. "नीट जा" म्हटलं तर जाणारा कर्ता, म्हणून "तुम्हीपण". "प्रवास सुखाचा होवो" म्हटलं तर प्रवास तुमचा, म्हणून "तुमचाही". "शुभेच्छा" दिल्या तर त्या कुणाला तरी दिल्या, म्हणून "तुम्हालाही". त्यामुळे मराठी माणूस चुकला, की त्यानं मनात कुठलं वाक्य ऐकलं होतं ते प्रत्ययावरून पकडता येतं. मामींना मी "तुमचंही" म्हणालो, म्हणजे जेवणाचं बोलणं चाललंय हे डोक्यात पोचलं होतं. जेवण कुणाचं, एवढंच राहिलं होतं.

"मग 'सावकाश होऊ द्या'ला बरोबर उत्तर काय?" मी विचारलं.

उत्तर मामींनी स्वयंपाकघरातून दिलं. "ताट पुढं करायचं."

खरंच, मराठीनं या जागेसाठी उत्तर ठेवलेलंच नाही. आपल्याकडे वाढणारा आणि जेवणारा, निघणारा आणि राहणारा यांचे संवाद वेगवेगळे लिहिलेले आहेत. निघणारा "येतो" म्हणतो, राहणारा "या" म्हणतो. इथं "तुम्हीपण" घुसवायला फट नाही. तुर्की भाषेतही अशीच वाटणी आहे. वाढणारा "आफियेत ओल्सुन" म्हणतो, म्हणजे अंगी लागो. त्यावर जेवणारा त्याला परत 'अंगी लागो' म्हणत नाही, तो वाढणाऱ्या हातांना आरोग्य मागतो. जिथं दोघांची कामं वेगळी, तिथं दोघांची वाक्यं वेगळी. माझी जीभ बिघडली ती दिवाळी, नववर्ष आणि 'सेम टू यू' यांच्यावर. तिथं दोघांचा सण एकच असतो, आलेलं तसंच परत केलं तरी चालतं. तीच सवय मी पंगतीत घेऊन आलो होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याच्यावर झेंडा बांधतात आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव अशी दगडफेक होते. दरवर्षी माणसं जखमी होतात, काही जीवही गेलेले आहेत. मामी आम्हाला सकाळी लवकरच काढत होत्या. घरासमोरून नदीकडे चाललेल्या एका पोरानं सावरगावच्या आपल्या मावसभावाला फोनवर सांगितलं, "सांभाळून रहा बे." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण मी पैजेवर सांगतो, "तूबी" हेच असणार. मला पहिल्यांदाच हे उत्तर अगदी जागच्या जागी बसलेलं दिसलं, आणि जागा अशी, की तिथं ते बसू नये असं वाटावं.

सौंसरला मामांची बहीण राहते, म्हणून मामा सोबत बसले. वाटेभर संत्र्यांच्या बागा. झाडांवर आंबिया बहाराची हिरवी फळं. सौंसरजवळच्या जामसावळीला उतरलो. इथला मारुती पिंपळाखाली आडवा झोपलेला आहे. बाहेर नारळ विकणाऱ्या आजीनं सुटे पैसे परत देताना म्हटलं, "मारोती तुमचं भलं करो."

"तुमचंही," मी म्हणालो.

मामा थबकले. मनातल्या मनात वाक्य फिरवून पाहिलं. भलं दोघांचंही होऊ शकतं, आणि षष्ठीही बरोबर. "पास," ते म्हणाले, आणि बायकोनं चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पुरस्कार मिळालेल्या नवऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

यशानं माणूस बेसावध होतो. सौंसरच्या स्टँडवर नागपूरची बस लागली. मामा खिडकीशी आले, हात धरला आणि म्हणाले, "नीट जा जी. पोचल्यावर फोन करा."

"तुम्हालाही!"

बस सुरू झाली नव्हती. ती सुरू झाली असती तर बरं झालं असतं. मामांनी हात सोडला नाही. "'जा'ले कर्ता लागते," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही संप्रदान देल्लं. म्हंजे माह्या तोंडी तुम्हाला दिवाळी ऐकू आली. आणि मी कुठी जाऊ? मी त इथंच आहो."

"चुकलं, मामाजी."

"आता काय म्हणायचं?"

"येतो."

"या," मामा म्हणाले, आणि हात सोडला. बस सावनेरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तो एक शब्द घोकत होतो. येतो. निघणाऱ्यानं म्हणायचा, राहणाऱ्यानं झेलायचा. त्याला विभक्ती लागत नाही, परतफेड लागत नाही.

रात्री नागपूरहून पुण्याच्या गाडीत बसलो. समोरच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ होते. नऊच्या सुमाराला आम्ही मामींचा डबा उघडला, त्याच वेळी त्यांनीही आपला उघडला. भाकरी, झुणका, एक कांदा. त्यांनी घास हातात धरून आमच्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

दोघांचीही ताटं भरलेली. दोघंही जेवणारे. षष्ठी निर्धोक. "तुमचंही" म्हणायला याहून योग्य जागा भारतीय रेल्वेत कुठे नसेल. बायकोनं डोळ्यांनी परवानगी दिली.

मी म्हणालो, "येतो."

गृहस्थांनी घास खाली ठेवला आणि आपला डबा थोडा बाजूला सरकवून बाकावर जागा केली. "या," ते म्हणाले.