अण्णांची मान

भोसरीच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर जॉबवर्क करणारे गाळे पावलोपावली आहेत. तसल्याच एका गाळ्यात अण्णा बसतात. त्यांची मोठी गिऱ्हाइकं दोन, आणि दोघं एकमेकांचे हाडवैरी. बाजारात ज्यांचं पटत नाही त्यांचे ब्रॅकेट अण्णांच्या एकाच प्रेसवर निघतात; सकाळी याचे, दुपारी त्याचे. त्यामुळे दोन्हीकडचे परचेसवाले साहेब अण्णांसमोरच्या खुर्चीत बसले, की अर्धा चहा पोटात जाईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतात आणि मग आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतात : “अण्णा, त्यांना काय रेट देता हो?”

अण्णा अबोल आहेत असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. माणूस तासभर बोलतो. पत्रा कसा महागला, गुरुवारच्या सुट्टीला पोरं गावी जातात ती शनिवारी उगवतात, मोशीच्या रस्त्यावर ट्रक कुठे अडकला, सगळं सांगतो. समोरचा खूश होऊन उठतो आणि गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात येतं, की आपण विचारायला आलो होतो ते सोडून बाकी सगळं कळलं.

विचारणाऱ्यांच्या तऱ्हा मी शेजारच्या गाळ्यातून कितीतरी पाहिल्या. एक असतो ‘आपल्यातलं आपल्यात’वाला. दुसरा ‘राउंड फिगर सांगा’वाला, त्याला वाटतं, पैसे गाळून रुपये सांगितले तर पाप लागत नाही. सगळ्यात हुशार तिसरा : “तुम्ही काही बोलूच नका. मी आकडा म्हणतो, तुम्ही नुसती मान हलवा.” त्याचं दुर्दैव असं, की अण्णांना मानेचा त्रास खराच आहे. पट्टा लावून ते ताठ बसलेले असतात. आकडा ऐकून घेतात, आणि मान तिथेच.

“साहेब, त्यांचं मी बोलत नाही. तुमचंही त्यांच्याजवळ बोलत नाही,” एवढंच अण्णांचं ठरलेलं वाक्य. सूर जावयाला दुसरी पोळी वाढताना असतो तसा. यातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. पहिल्या अर्ध्याने दार लागतं, पण आपलं सामानही याच दाराआड आहे हे साहेबांना दुसऱ्या अर्ध्याने आठवतं. राग यायच्या आत हायसं वाटतं.

हे वाक्य अण्णा निरुपद्रवी प्रश्नालाही वापरतात, हे मला आधी विचित्र वाटायचं. एकदा साहेबांनी सहज विचारलं, “त्यांचं नवीन मॉडेलचं काम तुमच्याकडेच आलंय ना?” काम आलेलंच नव्हतं. सरळ ‘नाही’ म्हणायला काय हरकत होती? तरी अण्णांनी तेच वाक्य म्हटलं. साहेब गेल्यावर मला म्हणाले, “आज नाही म्हटलं, तर उद्या काम आल्यावर काय म्हणू? तेव्हा गप्प बसलो की ते ओळखणार, आलं म्हणून.” असलं तरी तेच उत्तर, नसलं तरी तेच, म्हणून त्या उत्तरातून कुणाला काही काढता येत नाही. शिवाय खोटं बोलावं लागत नाही. खोटा रेट सांगून वाटेला लावणारे गाळेवाले आहेत. दोन परचेसवाले कुठल्याशा प्रदर्शनात एका टेबलावर जेवायला बसले, की त्या गाळेवाल्यांचं पितळ उघडं पडतं.

तोंड बंद ठेवलं तरी गाळा बोलतो, हेही अण्णांना पक्कं ठाऊक. एका साहेबांचा फोन आला, की दुसऱ्याची चलनं टेबलावरून खणात जातात, ड्रॉइंगचं कपाट कुलूपबंद होतं, मालाच्या क्रेटची कार्डं आत वळतात आणि डायवर खोदलेलं नाव भिंतीकडे तोंड करून बसतं. ‘सध्या त्यांचं काम जरा ढिलं आहे’ एवढं जरी सुपरवायझर बोलला, तरी मुरलेला परचेसवाला त्यावरून समोरच्या कंपनीचं महिन्याचं उत्पादन मांडतो. म्हणून पोरांनाही शिकवून ठेवलंय : मालाबद्दल कुणी विचारलं, की ‘अण्णांना विचारा.’ अण्णांना विचारून काय मिळतं ते आपण पाहिलंच. अपवाद एकच, कायद्याने हक्क असलेला जीएसटीचा अधिकारी. त्याला मागेल तो कागद मिळतो. न मागितलेला मिळत नाही.

पण नुसतं दार लावणारा माणूस गिऱ्हाइकं टिकवत नाही. अण्णांची खरी करामत मी गेल्या दिवाळीआधी पाहिली. एक साहेब घाम पुसत आले. समोरच्यांचा रेट हवाच म्हणून बसले. अण्णांनी आपलं वाक्य म्हटलं आणि लगेच विचारलं, “रेट कळला तर काय करणार, साहेब?” तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं : वरून हुकूम होता, पाच टक्के कमी करून आणा.

“मग त्यांचा कशाला, तुमचाच उघडू,” म्हणत अण्णांनी साहेबांच्याच ब्रॅकेटचा हिशेब कागदावर मांडला. नगाचा रेट 21 रुपये. नगामागे पत्रा लागतो 250 ग्रॅम, 70 रुपये किलोने साडेसतरा रुपयांचा. म्हणजे पैसा पत्र्यात आहे. ठोक्याच्या मजुरीत घासाघीस करून हाती काय लागणार? मग त्यांनी ब्लँकिंगमधून निघालेली भोकांची पट्टी आणून टेबलावर ठेवली. ब्रॅकेट एल आकाराचा, त्यामुळे दोन भोकांच्या मध्ये पत्रा वाया जात होता. पट्टी एकदा सरळ चालवायची, मग फिरवून उरलेल्या जागेत उलटे नग काढायचे. डाय तीच, फक्त स्टॉपर बदलायचा आणि पट्टी दोनदा हाताळायची. नगामागे 20 ग्रॅम पत्रा वाचतो. तो एरवी 30 रुपये किलोने भंगारात जायचा. म्हणजे किलोमागे 40 रुपयांचा फरक, नगामागे 80 पैसे. जास्तीच्या हाताळणीचे 20 पैसे अण्णांनी ठेवले, 60 साहेबांना दिले. महिन्याला 50,000 नग, म्हणजे 30,000 रुपये. पाच टक्के झाले नाहीत, तीनच्या आसपास झाले. पण साहेब वर दाखवायला कागद घेऊन गेले. आणि तो त्यांच्याच मालाचा होता.

ही युक्ती समोरच्या कंपनीच्या कामात आधीपासून चालू होती का, असं मी नंतर हळूच विचारलं. अण्णा म्हणाले, “त्यांचं मी बोलत नाही.” मी काही परचेसवाला नव्हे, शेजारी. पण नियम म्हणजे नियम.

पुढे गंमत झाली. तेच साहेब नोकरी बदलून त्याच समोरच्या कंपनीत गेले. पहिल्याच भेटीत खुर्चीत रेलून म्हणाले, “अण्णा, आता तरी लाजू नका. जुन्या कंपनीचा रेट तर मीच ठरवलेला. तोच चालू आहे ना अजून?”

“साहेब, तेव्हा तो तुमचा होता. आता त्यांचा आहे.”

“अहो, मला पाठ आहे तो!”

“मग मला कशाला विचारता?” अण्णा म्हणाले, आणि पोराला दुसरा चहा सांगितला.

साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी बॅग उघडली, दोन नव्या ब्रॅकेटची ड्रॉइंगं टेबलावर ठेवली आणि दाराकडे एकवार पाहून आवाज खाली आणला : “हे जुन्यांना कळता कामा नये हं, अण्णा.”

अण्णांनी मान हलवली नाही. ड्रॉइंगं उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.