भिडस्त कोडची उलटतपासणी

साधा प्रोग्रॅम चिडतो, हे त्याचे आपल्यावर उपकारच आहेत. यादीत नसलेलं नाव मागा, शून्याने भागा, आकड्याच्या जागी अक्षर द्या. तो जागच्या जागी कोसळतो आणि कोणत्या ओळीवर कोसळलो तेही सांगून जातो. न्यूरल नेटवर्कचा कोड असा नाही. तो भिडस्त आहे. चुकीचं काही हातात दिलं तरी त्याला नाही म्हणवत नाही. दोन रांगा जुळत नसतील तर पदरचं घालून जुळवून घेतो, एखादा लेयर झोपलेला असेल तर उरलेल्यांवर भागवतो, रात्रभर चालतो आणि सकाळी एक आकडा समोर ठेवतो. आकडा बरा असतो. बरा असतो हीच पंचाईत. वाईट असता तर कुणी चौकशी तरी केली असती.

आमच्या धंद्यात एक सबब फार चालते: ‘मॉडेल काय शिकणार हेच आधी ठाऊक नाही, मग टेस्ट कशाची लिहायची?’ सबब ऐकायला तत्त्वज्ञानासारखी वाटते, म्हणून टिकते. मॉडेल काय शिकेल हे खरंच सांगता येत नाही. पण त्याला शिकता येण्यासारखी परिस्थिती आपण ठेवली आहे का, हे विचारता येतं. ते विचारायला खरा डेटा लागत नाही, जीपीयू लागत नाही. रँडम आकड्यांवर, साध्या लॅपटॉपवर, पापणी लवायच्या आत उत्तर मिळतं.

एक उदाहरण आकड्यांसकट बघू. चार घरांच्या भाड्याचा अंदाज बांधायचा आहे. खरी भाडी 10, 20, 30 आणि 40 हजार. मॉडेलच्या शेवटच्या लेयरमधून अंदाज बाहेर पडतात ते उभ्या रांगेत, म्हणजे त्यांचा शेप `(4, 1)`. खरी भाडी फाइलमधून आली ती नुसती चार आकड्यांची ओळ, शेप `(4,)`. आता पहिल्यातून दुसरं वजा करायचं. कडक शिस्तीचा कोड इथे थांबला असता. पायटॉर्च मात्र नम्पायच्या वळणावर गेलेलं. ते ब्रॉडकास्टिंग करतं. उभी रांग चार वेळा आडवी पसरतं, आडवी ओळ चार वेळा खाली उतरवतं, आणि चार वजाबाक्यांऐवजी सोळा करून देतं. प्रत्येक घराचा अंदाज प्रत्येक घराच्या भाड्याशी ताडला जातो. सोळा फरकांचे वर्ग, त्यांची सरासरी, एकच आकडा. लॉस तयार. बाहेरून बघणाऱ्याला चार आणि सोळा यांतला फरक कळायला काही जागाच उरत नाही.

आता समजा मॉडेल अगदी हुशार निघालं आणि त्याने चारही भाडी तंतोतंत ओळखली. लॉस शून्य यायला हवा. सोळा चौकटींचा तक्ता मांडून बघा, येतो 250. दुसरं मॉडेल आळशी, घर न बघताच चौघांनाही 25 हजार सांगून मोकळं. त्याचा लॉस येतो 125. म्हणजे ज्याने सगळं बरोबर सांगितलं त्याला दुप्पट शिक्षा, आणि ज्याने सरासरी सांगून वेळ मारून नेली तो आदर्श. पुढचं सगळं ट्रेनिंग या न्यायालयात चालतं. मॉडेल प्रामाणिकपणे शिकतं, आणि शिकतं ते एकच: सगळ्यांना सरासरी सांग.

“पण मॅडम, लॉस उतरतोय की,” आमच्याकडे नव्याने आलेला एक मुलगा असाच आलेख दाखवत म्हणाला होता.

“उतरतोय ना. थांबतोय कुठे ते बघ.”

तो थांबला होता बरोबर खऱ्या उत्तरांच्या व्हेरिअन्सपाशी. वरच्या उदाहरणात तो 125 आहे. लॉस तिथे येऊन हटून बसला आणि सगळे अंदाज एकमेकांसारखे दिसू लागले, की आधी शेप छापून बघावेत. लर्निंग रेटला हात लावण्याची घाई करू नये. पायटॉर्चचं तयार `mse_loss` अशा वेळी एक इशारा देतं, पण लॉगच्या पुरात तो वाहून जातो. आणि सूत्र हाताने लिहिलं असेल तर तेवढंही नाही. उपाय एका ओळीचा:

```python
def mse(pred, y):
    assert pred.shape == y.shape, (pred.shape, y.shape)
    return ((pred - y) ** 2).mean()
```

शेपची टेस्ट लिहिताना लोक सवयीने 32 आणि 64 वापरतात. बॅच 32, वाक्याची लांबी 32, सगळं कसं गोल गोल. पण दोन बाजू सारख्या असल्या की आडवं-उभं उलटलं तरी शेप तोच राहतो. टेस्टमध्ये बॅच 3, लांबी 5, रुंदी 7 अशा विजोड मूळ संख्या घ्याव्यात; कुणाच्या जागी कुणी बसलं तर लगेच दिसतं. 1 तर कधीच घेऊ नये, कारण ब्रॉडकास्टिंगला तीच लागते. ट्रेनिंगला 64 घ्या, 128 घ्या, तिथे कुणाची हरकत नाही.

एवढं करूनही शेप फसवतोच. पायटॉर्चचा एलएसटीएम, वेगळं काही सांगितलं नाही तर, काळ आधी आणि बॅच नंतर अशा क्रमाने उत्तर देतो: आधी सगळ्या वाक्यांचे पहिले शब्द, मग सगळ्यांचे दुसरे. पुढच्या लेयरला बॅच आधी हवी. इथे `transpose(0, 1)` लिहायचं असतं. घाईत कुणीतरी `view(3, 5, 7)` लिहितो. `view` काही उलटत-पालटत नाही. मेमरीतली सलग पट्टी नव्याने कापून देतं, इतकंच. त्यामुळे ‘पहिलं वाक्य’ म्हणून जे मिळतं, त्यात तिन्ही वाक्यांचे पहिले शब्द आणि पहिल्या दोघांचे दुसरे शब्द असतात. शेप विचाराल तर `(3, 5, 7)`, अगदी हवा तोच. मूळ संख्या इथे हात टेकतात.

मग साक्षीदार बोलवायचा तो ग्रेडियंट. आपण त्याला फक्त वजनं सुधारण्याचं काम देतो, पण त्याला मुळात ठाऊक असतं ते एवढंच, की कशाचा परिणाम कशावर झाला. आंद्रेय कारपाथी यांनी 2019 मध्ये न्यूरल नेटवर्क ट्रेन करण्याच्या कृतीवर लिहिताना ही युक्ती सांगितली आहे: एकाच उदाहरणाच्या उत्तरापासून मागे चालत जा, आणि ग्रेडियंट कुठल्या इनपुटपर्यंत पोचतो ते बघा.

```python
model.eval()
x = torch.randn(3, 5, 7, requires_grad=True)
out = model(x)
w = torch.randn_like(out[1])
(out[1] * w).sum().backward()
assert x.grad[0].abs().max() == 0
assert x.grad[2].abs().max() == 0
assert x.grad[1].abs().max() > 1e-6
```

मधल्या वाक्याच्या उत्तरात शेजारच्या वाक्यांचा हात असायला नको. `view`चा घोटाळा असेल तर शेजाऱ्यांकडचा ग्रेडियंट शून्य राहत नाही आणि टेस्ट लाल होते. `eval()` अशासाठी, की ट्रेनिंगच्या अवस्थेत बॅचनॉर्म सगळ्या बॅचची सरासरी घेतं. तिथे शेजाऱ्यांचा संबंध खरोखरच असतो आणि टेस्ट निष्पापाला पकडते.

ते `w` कशाला, असं कुणीही विचारेल. सरळ बेरीज घेतली तर काय बिघडलं? मॉडेलच्या शेवटी सॉफ्टमॅक्स असेल तर बेरीज काहीही झालं तरी 1. लेयरनॉर्म असेल तर, त्याची स्वतःची वजनं अजून सुरुवातीचीच आहेत तोवर, ती काहीही झालं तरी 0. जी बेरीज हलतच नाही तिचा ग्रेडियंट कुठून येणार? मग शेजाऱ्यांकडे शून्य, मालकाकडेही जवळपास शून्य, आणि शेवटची ओळ लिहिली नसेल तर टेस्ट खुशाल हिरवी. बेरजेऐवजी वर्गांची बेरीज घेऊ म्हणाल, तर लेयरनॉर्म तीही जवळजवळ स्थिर ठेवतं. म्हणून रँडम वजनांनी गुणायचं.

दुसरी चौकशी पॅरामीटरांची. `backward()` झाल्यावर `named_parameters()` मधून फिरायचं आणि प्रत्येकाचा `grad` बघायचा. `None` आला तर त्या पॅरामीटरपर्यंत वाटच नाही: मध्येच कुणीतरी `.detach()` लिहिलं आहे, किंवा लेयर घडवला आणि `forward` मध्ये बोलवायचा राहिला. ही टेस्ट सगळे लिहितात, आणि तिचं एक भोक सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. लेयर `nn.ModuleList` मध्ये न ठेवता पायथॉनच्या साध्या यादीत ठेवले, तर ते `named_parameters()` मध्ये येतच नाहीत. हजेरीपटावर नावच नसलेला मुलगा कधी गैरहजर लागत नाही, तसंच हे. ते लेयर काम करत असतात, त्यांच्यापर्यंत ग्रेडियंटही जातो. फक्त ऑप्टिमायझरला त्यांची ओळख नसते, म्हणून ते जन्माच्या वेळच्या रँडम वजनांवरच राहतात. शेवटचा लेयर तेवढा शिकतो आणि निकाल पुन्हा आपला बरा येतो.

यावर पाटीवरचं गणित बरं. 11 रुंदीचे तीन लेयर, प्रत्येकी 11 गुणिले 11 अधिक 11, म्हणजे 132; तिघांचे 396. शेवटच्या लेयरचे 12. एकूण 408. टेस्टमध्ये 408 असं लिहून टाकायचं. यादी चुकली असेल तर मॉडेल 12 सांगतं. आकडा असा हाताने लिहून ठेवणं काहींना गावंढळ वाटतं. मला तो कोडच्या वर लिहिलेल्या लांबलचक टिपणापेक्षा खरा वाटतो.

राहिला शून्याचा प्रश्न. `grad` आहे पण शून्य आहे, म्हणजे चूकच, असं नाही. कन्व्होल्यूशनच्या मागोमाग बॅचनॉर्म असेल तर कन्व्होल्यूशनचा बायस प्रत्येक चॅनेलमध्ये एक स्थिर आकडा मिळवतो आणि बॅचनॉर्म सरासरी वजा करताना तोच काढून टाकतं. त्याचा ग्रेडियंट गणिताने शून्यच. संगणकात मात्र दशांशाच्या खूप पुढे थोडी धूळ उरते, आणि ‘शून्याहून मोठा’ एवढीच अट असेल तर त्या धुळीवर टेस्ट पास होते. उंबरठा ठेवला तर बायस सापडतो, आणि `bias=False` लिहून त्याला निरोप देता येतो. टॉर्चव्हिजनच्या रेसनेटमध्ये तसंच केलेलं आहे.

दुसरं उदाहरण लोराचं, 2021 मधलं. मोठ्या मॉडेलची मूळ वजनं गोठवून शेजारी A आणि B अशा दोन छोट्या मॅट्रिक्स जोडायच्या, त्यांतली B सुरुवातीला पूर्ण शून्य. A चा ग्रेडियंट B मधून येतो, त्यामुळे पहिल्या फेरीत तोही शून्य. ऑप्टिमायझरचं एक पाऊल टाकलं की B हलते आणि दुसऱ्या फेरीपासून A कडे ग्रेडियंट जायला लागतो. टेस्ट दुसऱ्या फेरीनंतर लिहायची.

आमच्या त्या नव्या मुलाला एवढा धीर नव्हता. लाल टेस्ट बघून त्याने B मध्ये रँडम आकडे भरले.

“झालं मॅडम, A ला ग्रेडियंट मिळाला.”

“मिळाला. आता खालची टेस्ट चालव.”

खालची टेस्ट एवढंच विचारते, की ट्रेनिंगच्या आधी लोरा जोडलेल्या मॉडेलचं उत्तर मूळ मॉडेलशी तंतोतंत जुळतं का. B शून्य ठेवतात ते त्यासाठीच. ती आता लाल होती. त्याने दोन्ही टेस्टकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, “यातली कुठली काढू?”